डॉलर जुळवा, रुपये आपोआप समजतील

निर्यातदारांच्या पत्रांत एक तक्रार वारंवार येते. इन्व्हॉइसवर एक रक्कम, शिपिंग बिलावर दुसरी, बँकेत आली तिसरी. मग बँक म्हणते शिपिंग बिल उघडेच आहे, जीएसटीचा परतावा अडकतो, आणि सीएचए, अकाउंटंट आणि बँक एकमेकांकडे बोट दाखवतात. तीन रकमा वेगळ्या असणे ही मुळात चूक नाही. त्या का वेगळ्या आहेत हे कागदावर दाखवता न येणे, ही चूक आहे. आणि हा गोंधळ बहुतेक वेळा बँकेत होत नाही; तो तुम्ही इन्व्हॉइस टाइप करता त्या दिवशीच सुरू झालेला असतो.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. सांगलीची एक फर्म हळद पावडरचा वीस फुटी कंटेनर न्हावा शेवाहून दुबईच्या जेबेल अली बंदरात पाठवते. 25 किलोच्या 640 बॅगा, म्हणजे निव्वळ 16,000 किलो. भाव किलोला 2 डॉलर, सीआयएफ. एकूण 32,000 डॉलर. त्यात जहाजाचे भाडे 900 आणि विमा 60 डॉलर. खरेदीदाराने 30 टक्के ॲडव्हान्स द्यायचा, बाकी पैसे बीएलची प्रत मिळाल्यावर. भाव आणि दर समजण्यासाठी घेतलेले आहेत. हिशेबाची रीत मात्र तुमच्या मालालाही तीच लागते.

इन्व्हॉइसवर काय हवे

- क्रमांक आणि तारीख. जीएसटीच्या नियमांप्रमाणे क्रमांक 16 अक्षरांपेक्षा लांब नसावा. त्यात अक्षरे, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढेच चालते. जीएसटीसाठी एक क्रमांक आणि परदेशी खरेदीदारासाठी दुसरा, असा दुहेरी संसार थाटू नका. एकाच क्रमांकाचे एकच इन्व्हॉइस सगळीकडे वापरा.
- तुमची ओळख. फर्मचे नाव आयईसीवर आहे तसेच, पत्ता, आयईसी आणि जीएसटीआयएन.
- कराची स्थिती. माल एलयूटीखाली आयजीएसटी न भरता जातो आहे की आयजीएसटी भरून, हे इन्व्हॉइसवर शब्दांत लिहिणे बंधनकारक आहे. एलयूटी असेल तर त्याचा एआरएनही टाका.
- खरेदीदार आणि माल घेणारा. दोघे वेगळे असतील तर दोघांची नावे, पत्ते आणि कोणत्या देशात माल जाणार तो देश.
- माल. वर्णन, आठ आकडी एचएस कोड (हळद पावडरला 09103030), बॅगांची संख्या, निव्वळ व एकूण वजन, दर, रक्कम.
- विक्रीची अट, ठिकाणासह. नुसते 'सीआयएफ' अर्धवट आहे. 'सीआयएफ जेबेल अली' लिहा. त्याखाली भाडे आणि विमा स्वतंत्र ओळींत दाखवा.
- पैसे कसे येणार. 'ॲडव्हान्स 30 टक्के, बाकी बीएलच्या प्रतीवर' असे, आणि तुमच्या बँकेचे नाव, खाते क्रमांक, स्विफ्ट कोड.

उलाढाल 5 कोटींच्या वर असलेल्यांना निर्यातीचे इन्व्हॉइसही ई-इन्व्हॉइस म्हणून काढावे लागते, हे काहींच्या लक्षातच येत नाही.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. ॲडव्हान्सचे 9,600 डॉलर आधीच आले, म्हणून काही जण इन्व्हॉइसच्या तळाशी ते वजा करतात आणि शेवटची रक्कम 22,400 लिहितात. सीएचए तोच शेवटचा आकडा उचलतो, आणि 32,000 च्या मालाचे शिपिंग बिल 22,400 चे निघते. मग आधी आलेले 9,600 कोणत्या मालाचे, हा प्रश्न बँक विचारते आणि तुमच्याकडे कागदोपत्री उत्तर नसते. ॲडव्हान्स आला असला तरी इन्व्हॉइसची एकूण रक्कम पूर्ण मालाचीच ठेवा. ॲडव्हान्सचा उल्लेख करायचा तर खाली टिपेत करा, 'यापैकी 9,600 डॉलर मिळाले' अशा शब्दांत. बेरजेला हात लावू नका.

शिपिंग बिलाची चेकलिस्ट: दुरुस्ती फुकट होते ती हीच वेळ

शिपिंग बिल दाखल करण्याआधी सीएचए तुम्हाला चेकलिस्ट पाठवतो. अनेक जण ती मोबाइलवर उघडून 'ओके' म्हणतात. तसे करू नका. या टप्प्यावर चूक सुधारायला दोन मिनिटे लागतात. माल निघून गेल्यावर तीच चूक सुधारायची तर कस्टम कायद्याच्या कलम 149 खाली अर्ज करावा लागतो, आणि निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेला पुरावा दाखवावा लागतो.

चेकलिस्टमध्ये इन्व्हॉइस समोर ठेवून एवढे पाहा:

- इन्व्हॉइस क्रमांक अक्षर न अक्षर तोच आहे का. `EXP/25-26/014` हा क्रमांक तिथे `EXP-014` झाला तर माणसाला तो एकच वाटतो, संगणकाला नाही.
- चलन डॉलरच आहे ना, आणि इन्व्हॉइसची रक्कम 32,000 आहे ना.
- भाडे 900, विमा 60, आणि त्यातून एफओबी 31,040 निघते का. भाडे-विम्याचे रकाने रिकामे राहिले तर एफओबी 32,000 दिसते, आणि ड्रॉबॅक किंवा रोडटेपची रक्कम चुकीच्या पायावर उभी राहते.
- एडी कोड आणि खाते त्याच बँकेचे आहे का जिथे पैसे येणार आहेत.
- एलयूटी की आयजीएसटी, ही निवड इन्व्हॉइसप्रमाणे आहे का.
- रोडटेपचा दावा 'हो' म्हणून नोंदला आहे का. नंतर आठवून सहसा उपयोग होत नाही.

एडी कोडकडे खास लक्ष द्या. शिपिंग बिल निघाले की कस्टमची यंत्रणा त्याची माहिती रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएसला देते, आणि ते बिल त्या एडी कोडच्या बँकेच्या खात्यात 'येणे' म्हणून उभे राहते. माझ्या ओळखीच्या एका निर्यातदाराचा ॲडव्हान्स एका बँकेत आला आणि शिपिंग बिलावर दुसऱ्या बँकेचा जुना एडी कोड राहिला. पैसे खरोखर आलेले, माल खरोखर गेलेला. पण एका बँकेकडे पैसा होता आणि बिल नव्हते, दुसरीकडे बिल होते आणि पैसा नव्हता. हे दोन तुकडे जोडायला पत्रव्यवहारात कित्येक महिने गेले.

बीएल आणि पॅकिंग लिस्ट: इथे रक्कम नसते, म्हणून वजन पाहा

बीएलवर साधारणपणे किंमत नसते. इन्व्हॉइसशी त्याचे नाते जुळते ते बॅगा, वजन, कंटेनर क्रमांक आणि सील क्रमांक यांवरून. आपल्या उदाहरणात रिकाम्या बॅगेचे वजन 200 ग्रॅम धरले तर 640 बॅगांचे 128 किलो, म्हणजे एकूण वजन 16,128 किलो. हाच आकडा पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल आणि बीएल तिन्हींवर हवा.

जहाज कंपनी बीएलचा मसुदा पाठवते तेव्हा तीन गोष्टी तपासा. पाठवणाऱ्याचे नाव तुमचेच आहे का, फ्रेट फॉरवर्डरचे नाही. सीआयएफ विक्रीत भाडे तुम्ही भरलेले आहे, तेव्हा 'प्रीपेड' असा शेरा आहे का. एफओबी विक्रीत तो 'कलेक्ट' असतो. आणि माल जहाजावर चढल्याची तारीख छापलेली आहे का. बँकेशी पुढचा सगळा व्यवहार याच कागदावर चालतो, म्हणून इथला उतावळेपणा परवडत नाही.

माल निघाल्यापासून 21 दिवसांत निर्यातीची कागदपत्रे तुमच्या एडी बँकेकडे द्यायची असतात. मूळ कागद तुम्ही कुरियरने थेट खरेदीदाराला पाठवले असले तरी बँकेला संच द्यावाच लागतो. 'पैसे आले की देऊ' हा विचार चुकीचा आहे.

बँकेच्या सूचनापत्रावर काय वाचायचे

परदेशातून पैसे आले की बँक आधी तुम्हाला हेतू विचारते. ज्याला सगळे 'पर्पज कोड' म्हणतात तो इथे ठरतो. मालापोटी माल निघण्याआधी आलेल्या ॲडव्हान्सला `P0103`, निर्यातीनंतर वसुलीसाठी पाठवलेल्या बिलाच्या पैशांना `P0102`. बँकेच्या ॲपवर घाईत दुसरा कोड निवडला, विशेषतः सेवा किंवा सॉफ्टवेअरचा, तर ते पैसे मालाच्या शिपिंग बिलाला जोडता येत नाहीत आणि कोड बदलून घेण्यासाठी पत्र द्यावे लागते.

रूपांतर झाल्यावर बँक आवक रकमेचे सूचनापत्र देते. बोलीत आपण त्याला 'फिरा' म्हणतो. त्यात या गोष्टी शोधा:

1. परकीय चलनात नेमकी किती रक्कम आली.
2. पाठवणाऱ्याचे नाव.
3. रूपांतराचा दर आणि तारीख.
4. तुमच्या बँकेने घेतलेला आकार आणि त्यावरचा जीएसटी.
5. पर्पज कोड.
6. आयआरएम क्रमांक. ईडीपीएमएसमध्ये आणि डीजीएफटीच्या पोर्टलवर तुमचे पैसे याच क्रमांकाने ओळखले जातात. तो पत्रावर नसेल तर मागून घ्या.

आपल्या उदाहरणात ॲडव्हान्स म्हणून 9,600 पाठवले, आले 9,580. बाकीचे 22,400 पाठवले, आले 22,375. एकूण 31,955. म्हणजे 45 डॉलर वाटेत गेले. परदेशी बँक आणि मधली बँक आपला आकार रकमेतूनच कापतात म्हणून हे होते. याचा पुरावा म्हणजे स्विफ्ट कॉपी. जुन्या पद्धतीच्या कॉपीत `33B` समोर पाठवलेली रक्कम, `32A` समोर पोहोचवलेली रक्कम आणि `71F` समोर कापलेला आकार दिसतो. खरेदीदाराकडून किंवा तुमच्या बँकेकडून ही प्रत मागून घ्या. 'सगळा आकार पाठवणाऱ्याने सोसायचा' ही अट प्रोफॉर्मा इन्व्हॉइसमध्येच घातली तर ही कपात बऱ्याच अंशी टळते.

आता तिन्ही कागद शेजारी ठेवा

रुपयांत पाहिले तर काय दिसते? शिपिंग बिलाला कस्टमने अधिसूचित केलेला दर लागतो. तो 88 रुपये धरू. बँकेने ॲडव्हान्सला 87.40 आणि बाकीच्या रकमेला 88.60 दिला असे धरू.

- शिपिंग बिलावरचे एफओबी: 31,040 × 88 = 27,31,520 रुपये
- पूर्ण इन्व्हॉइस त्याच दराने: 32,000 × 88 = 28,16,000 रुपये
- बँकेत प्रत्यक्ष: 8,37,292 + 19,82,425 = 28,19,717 रुपये

तीन आकडे, तिन्ही बरोबर. 45 डॉलर कमी येऊनही रुपये इन्व्हॉइसपेक्षा जास्तच दिसतात! म्हणून रुपयांवरून 'पूर्ण पैसे आले' किंवा 'कमी आले' असे कधीच ठरवू नका. जुळवणी डॉलरमध्ये करा: 32,000 = 9,580 + 22,375 + 45. हे समीकरण शेवटच्या डॉलरपर्यंत बसले पाहिजे, आणि प्रत्येक आकड्यामागे कागद हवा. रुपयांमधला फरक हा तुमच्या हिशेबवहीतला विनिमय-फरक आहे. तो अकाउंटंट पाहील.

मग बँकेला एक साधे पत्र द्या. त्यात शिपिंग बिलाचा क्रमांक, तारीख आणि बंदराचा कोड (समुद्रमार्गे न्हावा शेवाला `INNSA1`), इन्व्हॉइस क्रमांक, दोन्ही आयआरएम क्रमांक आणि त्यातली जोडायची रक्कम, आणि 45 डॉलर परदेशी बँकेचा आकार म्हणून कापले गेल्याचे निवेदन. सोबत स्विफ्ट कॉपी. एवढे नीट दिले तर ईडीपीएमएसमधले बिल बंद व्हायला सहसा अडचण येत नाही. एकाच रकमेत खरेदीदाराने तीन-चार इन्व्हॉइसचे पैसे पाठवले असतील तर वाटणी तुम्हीच लिहून द्या. बँकेने अंदाजाने केलेली वाटणी निस्तरणे फार त्रासाचे असते.

ई-बीआरसी आता बहुतांशी तुम्हालाच काढायची असते. 2023 च्या नोव्हेंबरात डीजीएफटीने निर्यातदाराने स्वतः प्रमाणित करण्याची पद्धत आणली. बँकेने पाठवलेले आयआरएम पोर्टलवर दिसतात. तुम्ही ते शिपिंग बिलाला जोडता. तिथे एफओबी, भाडे आणि विमा यांची विभागणी करताना शिपिंग बिलातलेच आकडे वापरा. आठवणीतले वापरू नका.

जीएसटीचा धागा

जीएसटीआर-1 च्या 6ए तक्त्यात इन्व्हॉइस क्रमांक, शिपिंग बिल क्रमांक, तारीख आणि बंदराचा कोड भरायचा असतो. आयजीएसटी भरून निर्यात केली असेल तर कस्टमची यंत्रणा हे शिपिंग बिलाशी ताडून परतावा सोडते. इन्व्हॉइस क्रमांक जुळला नाही की `SB005` हा नकार येतो. मघाशी चेकलिस्टमध्ये जी तिरकी रेघ पाहायला सांगितली ती याचसाठी. चूक जीएसटीआर-1 मध्ये असेल तर पुढच्या विवरणपत्रातल्या 9ए तक्त्यातून सुधारता येते. `SB002` आला तर दोष तुमचा नाही; जहाज कंपनीने निर्यातीचा मॅनिफेस्ट भरलेला नाही, तिच्या मागे लागा.

एलयूटीखाली माल पाठवून साचलेल्या इनपुट करक्रेडिटचा परतावा मागत असाल, तर शिपिंग बिलावरचे एफओबी आणि इन्व्हॉइसची रक्कम यांपैकी जी कमी असेल ती धरली जाते. आपल्या उदाहरणात हिशेब 27,31,520 वर होईल. अकाउंटंटने 28,16,000 धरून अर्ज केला तर तो कमी करून मिळेल किंवा परत येईल.

पैसे खरोखरच कमी आले तर

कारण कोणते यावर मार्ग ठरतो.

*बँकेचा आकार असेल* तर वर सांगितल्याप्रमाणे पुरावा द्या.

*खरेदीदाराने मालाच्या दर्जावरून पैसे कापले* तर आधी खरेदीदाराला होकार देऊन मग बँकेला सांगू नका. इन्व्हॉइसची रक्कम कमी करायला एडी बँकेची मान्यता लागते. खरेदीदाराचे पत्र, तपासणी अहवाल आणि क्रेडिट नोट घेऊन जा. न आलेल्या रकमेच्या प्रमाणात घेतलेला ड्रॉबॅक आणि रोडटेपचा लाभ परत करावा लागू शकतो, तेव्हा सवलत देताना तोही हिशेबात धरा.

*पैसे तिसऱ्याच नावाने आले* तर सावध व्हा. आखाती देशांत खरेदीदाराची भगिनी संस्था पैसे पाठवते, हे नेहमीचे आहे. रिझर्व्ह बँक अशा रकमा काही अटींवर चालवून घेते, पण पैसे देणारा तिसरा पक्ष आहे हे शिपिंग बिलावर आधी नोंदलेले असावे लागते. म्हणून ऑर्डर घेतानाच विचारा: पैसे कोणाच्या खात्यातून येणार? वेगळे नाव असेल तर ते ऑर्डरमध्ये आणि इन्व्हॉइसमध्ये लिहून घ्या.

*बिल छोटे असेल* तर दिलासा आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले की 10 लाख रुपयांपर्यंतच्या नोंदी निर्यातदाराच्या निवेदनावर बंद करा. रक्कम कमी आली असेल तरीही ते निवेदन चालते. कुरियरने मसाले, कपडे, हस्तकला पाठवणाऱ्यांनी हे बँकेला आठवण करून द्यावे. आपला हळदीचा कंटेनर मात्र या मर्यादेच्या बराच वर जातो.

पैसे आणण्याची मुदत अनेक वर्षे 9 महिने होती. नोव्हेंबर 2025 मध्ये ती 15 महिने झाली. वाढीव मुदतीत खरेदीदाराला ढिले सोडू नका. मुदत संपत आली आणि पैसे नाहीत तर मुदत संपण्याआधीच बँकेकडे वाढ मागा.

बँक दाद देत नसेल तर

दर तीन महिन्यांनी बँकेकडून तुमच्या आयईसीवरच्या उघड्या शिपिंग बिलांची यादी लेखी मागा. यादी पाहिल्याशिवाय काय अडले आहे हे कळत नाही. पैसे जमा आहेत, कागद दिले आहेत, तरी बिल बंद होत नसेल तर शाखेच्या पोचपावतीसह लेखी तक्रार करा. तोंडी विचारपूस मोजली जात नाही. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला शिपिंग बिल, दोन्ही फिरा, स्विफ्ट कॉपी आणि तुम्ही बँकेला दिलेले ते जुळवणीचे पत्र जोडा. त्या पत्रावरचा बँकेचा शिक्का आणि तारीख स्पष्ट दिसते ना, हे स्कॅन करण्याआधी पाहून घ्या.